ब्रँडच्या जुन्या फोटोंशी जुळणारं एआय बॅकग्राऊंड हवंय, रेफरन्स इमेज नक्की कशी द्यायची?

सोलकढी_डिझाईन

नमस्कार मंडळी. कुडाळकडच्या एका घरगुती उद्योगाचं डिझाईनचं काम माझ्याकडे आहे. कोकम सरबत, आगळ, आमसुलं असा माल. त्यांनी मागे एका फोटोग्राफरकडून छान फोटो काढून घेतले होते आणि तीच आता त्यांची ओळख झाली आहे: मागे खडबडीत गिलाव्याची हिरवट-करडी भिंत, खाली जांभ्याचा चिरा, डावीकडून तिरकं सकाळचं ऊन, बाटली उजवीकडे आणि डावी बाजू मजकुरासाठी मोकळी. इन्स्टापासून खोक्यापर्यंत सगळीकडे हेच दिसतं.

आता आवळा आणि लिंबू-आलं अशी दोन नवी सरबतं येतायत. नव्या शूटला पैसे नाहीत. मालकीणबाईंनी पांढऱ्या कागदावर मोबाईलने बाटल्यांचे फोटो काढून पाठवलेत. मी कटआउट करून मागे एआयचं बॅकग्राऊंड लावायचं ठरवलं. टूलमध्ये रेफरन्ससाठी दोन खाने आहेत, एक स्टाईलचा आणि एक कॉम्पोझिशनचा. जुन्यातला सगळ्यात चांगला फोटो स्टाईलमध्ये टाकला, स्लायडर पूर्ण वर केला आणि प्रॉम्प्टमध्ये लिहिलं की याच स्टाईलमध्ये कोकम सरबताच्या ब्रँडसाठी बॅकग्राऊंड दे.

तर मागे आणखी एक बाटली उगवते! तिच्यावर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी अगम्य लेबल. भिंत पोपटी. स्लायडर खाली आणला की बाटली जाते, पण मग संगमरवरी ओटा आणि कुंडीतली रोपं येतात, ज्याचा ब्रँडशी काही संबंध नाही. मधली जागा सापडतच नाहीये. काय चुकतंय?

---

बॅनरबहाद्दर

ताई, सोपं आहे. रेफरन्स एकच दिला की टूल त्याचीच नक्कल मारतं. जुने चार-पाच फोटो एकदम द्या, त्यांच्यातलं जे समान आहे तेवढंच उचलेल. स्ट्रेंग्थ पूर्णच ठेवा. रंगाची काळजी नको, रेफरन्समधला रंग जसाच्या तसा येतो. आणि एखादं बॅकग्राऊंड मस्त आलं की पुढच्याला तेच रेफरन्स म्हणून द्या, म्हणजे सगळी मालिका एकसारखी होते. मी दिवाळीच्या पोस्ट अशाच करतो.

---

तनूची_आई

मलाही हाच प्रॉब्लेम! मी रांगोळीचे स्टेन्सिल विकते. बॅकग्राऊंड काढायला गेलं की स्टेन्सिलची बारीक नक्षीच कापली जाते. कोणतं ॲप नीट काढतं? फुकटातलं सांगा प्लीज.

---

पिक्सेलपाटील

तनूची_आई, तुमचा प्रश्न बॅकग्राऊंड काढायचा आहे, इथे चाललंय नवं लावायचं. तुमच्या कामाला ॲपपेक्षा पेन टूल बरं, आणि फोटो काढतानाच स्टेन्सिलच्या रंगाच्या विरुद्ध रंगाचा कागद खाली घ्या. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू.

सोलकढी, तुम्ही टूलला काय दाखवताय ते त्याच्या बाजूने बघा. 'स्टाईल' हा शब्द आपल्या डोक्यात वेगळा असतो. तुमच्या फोटोत सगळ्यात ठळक काय आहे? बाटली. ती लाल आहे, चकाकते आणि तिच्यावर अक्षरं आहेत. टूलला भिंत, चिरा आणि बाटली असे तीन वेगळे कप्पे दिसत नाहीत, सगळ्याचा मिळून एक ठसा मिळतो. स्लायडर वर नेला की त्या ठशातली बाटलीही तितक्याच जोराने येते. वर तुम्ही प्रॉम्प्टमध्ये 'कोकम सरबताचा ब्रँड' लिहिलंत, म्हणजे बाटलीला दोन्हीकडून आवतण. म्हणून स्लायडरची मधली जागा शोधत बसू नका, ती सापडणार नाही. बाटली मुळात रेफरन्समधून घालवायची.

माझी पद्धत अशी. जुना फोटो फोटोशॉपमध्ये उघडून बाटली रिमूव्ह टूलने पुसायची. अगदी बेमालूम नाही झाली तरी चालेल, डाग राहिला तरी बिघडत नाही, फक्त बाटलीचा आकार आणि अक्षरं शिल्लक राहता कामा नयेत. मग तो फोटो चौकोनी क्रॉप करायचा, आणि क्रॉपमध्ये तीन गोष्टी हव्यातच: भिंतीचा पोत, चिऱ्याची वरची कड आणि भिंतीवर पडलेली उन्हाची तिरीप. नुसत्या भिंतीचा तुकडा दिलात तर नुसती भिंत मिळेल आणि चिरा कसा असावा हे टूल स्वतःच्या मनाने ठरवेल.

चौकोनीच का, तेही सांगतो. स्टेबल डिफ्युजनवर आयपी-अडॅप्टर वापरणाऱ्यांना माहीत असेल, तिथे रेफरन्स वाचणारा भाग चित्र 224 बाय 224 पिक्सेलएवढं लहान करतो आणि सहसा मधला चौकोन घेऊन कडा सोडून देतो. बॅनरसारखा आडवा फोटो दिला तर दोन्ही टोकं वाचलीच जात नाहीत. आणि तेवढ्या लहान चित्रात गिलाव्याचे कण दिसणार कुठून? तयार वेबसाईटवाली टूलं आतून काय करतात ते बाहेरून दिसत नाही, पण त्यांनाही चौकोनी, जवळून घेतलेला, पसारा नसलेला तुकडा दिला की निकाल सुधारतो हा माझा अनुभव आहे.

---

सोलकढी_डिझाईन

ओह, उन्हाची तिरीप तर बाटलीच्या बरोबर मागेच आहे. बाटली पुसली की तीही अर्धी जातेय. आणि प्रॉम्प्टमध्ये मग लिहायचं काय?

---

पिक्सेलपाटील

अर्धी राहिली तरी पुरे. किंवा त्याच शूटमधला एखादा न वापरलेला फोटो मागून घ्या. फोटोग्राफर लोक बाटली ठेवायच्या आधी लाईट बघायला एक रिकामी फ्रेम मारतात, ती मिळाली तर सोन्याहून पिवळं.

प्रॉम्प्टमध्ये स्टाईलचं वर्णन करायचंच नाही, ते काम रेफरन्सचं. शब्दांनी फक्त वस्तू, जागा आणि प्रकाशाची बाजू सांगायची. ब्रँडचं नाव, पदार्थाचं नाव, 'सुंदर', 'प्रीमियम' असलं काही नको. 'लॅटराईट' लिहिलंत तर बऱ्याचदा विटा येतात, म्हणून दगड दिसतो कसा ते लिहा. मी असं लिहीन:

```
empty ledge of porous rust-red stone with small holes,
rough plaster wall behind, low sunlight from the left,
camera at ledge height, nothing on the ledge
```

स्लायडर मधोमध ठेवून सुरुवात करा. चिरा विटांसारखा दिसायला लागला तर थोडा वर न्या. रेफरन्समधल्या पुसलेल्या डागाच्या जागी काहीतरी उगवायला लागलं तर खाली आणा.

आणि तो दुसरा खाना, कॉम्पोझिशनचा, तुम्ही रिकामाच ठेवलाय. तिथे तुमची मांडणी द्या. जुना फोटोसुद्धा नको, एक साधं रेखाटन पुरे: खालच्या तिसऱ्या भागात चिऱ्याची आडवी रेघ, वर कोरी भिंत. कॉम्पोझिशनचा खाना आकार आणि कडा बघतो, स्टाईलचा रंग, पोत आणि प्रकाश बघतो. एकाच फोटोकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की अशी ओढाताण होते.

@बॅनरबहाद्दर, चार-पाच रेफरन्स द्यायची कल्पना वाईट नाही, पण त्या सगळ्यांमध्ये समान काय आहे? बाटलीच! रिकाम्या तुकड्यांचे दोन-तीन दिले तर नक्की उपयोग होतो.

---

मिडजर्नीकर

मिडजर्नीत हेच असं होतं. चित्राची लिंक नुसती प्रॉम्प्टच्या सुरुवातीला टाकली तर ते इमेज प्रॉम्प्ट ठरतं आणि चित्रातल्या वस्तूही येतात. फक्त स्टाईल हवी असेल तर ती `--sref` नंतर द्यायची:

```
empty porous red stone ledge, rough plaster wall --sref <चित्राची लिंक> --sw 100 --ar 4:5
```

`--sw` 0 ते 1000 चालतो, न लिहिल्यास 100 धरतो. मी 300 च्या पुढे क्वचितच जातो. आमच्या क्लायंटच्या फोटोत तांब्याचं भांडं होतं, तर वर नेलं की दगडालासुद्धा तांब्याची झाक यायची.

---

तिरकाउजेड

मी फोटोग्राफर. मंडळी, एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. भिंत आणि चिरा हुबेहूब आले तरी बाटली चिकटवलेलीच दिसणार, कारण ती पांढऱ्या कागदावर, बहुतेक खिडकीजवळ, वरून वाकून काढलीय. ब्रँडच्या फोटोत कॅमेरा चिऱ्याच्या उंचीवर आहे. वरून काढलेल्या बाटलीचा तळ गोलसर लंबवर्तुळ दिसतो, समोरून काढलेल्याचा जवळजवळ सरळ रेघ. हे दोन एकत्र आले की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

रेफरन्स बॅकग्राऊंडला वळण लावतो, बाटलीला नाही. मालकीणबाईंना एवढंच सांगा: बाटली टेबलाच्या कडेला ठेवा, मोबाईल टेबलाच्या उंचीवर आणा, दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम करा आणि खिडकी डावीकडे येऊ द्या. उजवीकडे पांढरा पुठ्ठा लावू नका, तिथे सावली हवी आहे. पाच मिनिटांचं काम, पण तुमचे दोन तास वाचतील.

आणि हो, सरबत पारदर्शक आहे ना? मग पांढऱ्या कागदावर नकोच. बाटलीतून मागचा कागद दिसतो. कोकम गडद असल्यामुळे खपून जाईल. लिंबू-आलं नाही खपणार.

---

बॅनरबहाद्दर

एवढं कोण बघतं हो? इन्स्टावर लोक अर्धा सेकंद थांबतात. माझ्या क्लायंटने आजवर बाटलीच्या तळाबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

---

प्रेसवाले_काका

इन्स्टावर नसेल बघत, खोक्यावर बघतात. खोकं लोक हातात घेतात.

पोरी, खोक्यालाही हेच चित्र जाणार असेल तर आधीच पिक्सेल मोज. 12 इंच रुंद छपाईला 300 डीपीआयने 3600 पिक्सेल लागतात. पुष्कळ टूलं 2048 किंवा त्याहून कमी देतात. भिंतीसारख्या सपाट भागाला मोठं करून भागतं, पण मग वरून थोडा ग्रेन टाक, नाहीतर उन्हाच्या तिरीपेच्या कडेला पट्टे दिसतात. आणि स्क्रीनवरचा लाल सीएमवायकेत मरतो हे क्लायंटला आधीच सांगून ठेव, नंतर शिव्या आम्ही खातो.

---

सोलकढी_डिझाईन

काका, खोकं पुढच्या महिन्यात. पण ग्रेनचं लक्षात ठेवते.

पाटील सर, बाटली पुसून चौकोनी क्रॉप दिला, प्रॉम्प्ट तुमचाच. दुसरी बाटली गायब! चिरा तर इतका जांभ्यासारखा आलाय की मालकीणबाई म्हणाल्या, हा कोणाच्या गडग्याचा? पण भिंत अजून हिरवीच जास्त. जुन्या फोटोत ती मरगळलेली, करड्याकडे झुकणारी आहे. नव्यात ताजी वाटते. स्लायडर वरखाली करून फरक पडत नाही. प्रॉम्प्टमध्ये हेक्स कोड लिहिला तर ऐकेल का?

---

पिक्सेलपाटील

नाही ऐकणार. हेक्स कोडचा आकडा म्हणजे नेमका रंग, हे बहुतेक टूलांना धड कळत नाही. लिहून फार तर ढोबळ दिशा मिळते. रेफरन्सनेही रंगाची जातकुळी मिळते, नेमकी छटा नाही. बॅनरबहाद्दर म्हणतात तसा रंग 'जसाच्या तसा' येत नाही, आणि ब्रँडच्या कामात नेमकं तिथेच पकडलं जातं. रंग शेवटी हातानेच जुळवायचा, त्यासाठी पुन्हा पुन्हा जनरेट करत बसू नका.

जुन्या फोटोत भिंतीचा उन्हातला एक तुकडा सिलेक्ट करून त्याच्या वेगळ्या कॉपीवर फिल्टर, ब्लर, ॲव्हरेज करा. सगळा तुकडा एकाच सपाट रंगाचा होतो. तो ठोकळा नव्या चित्राशेजारी ठेवा. सावलीतल्या तुकड्याचाही तसाच करा. मग नव्या चित्राच्या भिंतीतून त्याच दोन जागांचे ठोकळे काढा. आता समोर रंगांच्या दोन जोड्या आहेत, डोळ्यांच्या अंदाजाची गरज नाही. भिंतीला मास्क लावून कर्व्ह्ज लेयर घ्या आणि लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे कर्व्ह ओढून जोड्या जुळवा. तुमच्या वर्णनावरून वाटतं की सावलीचा ठोकळा जवळपास जुळेल आणि फरक उन्हातल्यात निघेल. टूल उन्हात रंग भडक करतात. तसं असेल तर फक्त कर्व्हची वरची बाजू हलवायची. चिऱ्याला हात लावू नका, तो बरा आहे म्हणताय ना.

जुळलं की नाही हे बघायला जुने आठ फोटो आणि मध्ये नवा असा नऊचा चौकोन करा, एकदम लहान करून बघा, मग काळापांढरा करून बघा. रंगीतमध्ये नवा वेगळा पडला तर रंगाची अडचण. काळ्यापांढऱ्यातही वेगळा पडला तर कॉन्ट्रास्टची, आणि मग रंग कितीही जुळवलात तरी ते चित्र परकंच दिसणार.

आणि नवं चित्र पुढच्यासाठी रेफरन्स म्हणून देऊ नका. दर वेळी मूळ फोटोच्या क्रॉपकडे परत या. प्रत्येक फेरीत टूल स्वतःची थोडी गुळगुळीतपणाची आणि भडकपणाची भर घालतं. कॉपीची कॉपी काढत गेलात की चार-पाच फेऱ्यांनंतर भिंत प्लास्टिकची होते.

---

बॅनरबहाद्दर

याच्याशी मी सहमत नाही पाटील. एका सणाची मालिका असेल तर मूळ फोटोपेक्षा पहिल्या पोस्टशी जुळणं महत्त्वाचं. मूळ क्रॉपवरून दर वेळी वेगळीच भिंत येते. माझ्या दिवाळीच्या पोस्ट एकमेकींशी जुळतात, यातच सगळं आलं.

---

मिडजर्नीकर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. मी मूळ क्रॉप आणि पहिलं पसंत पडलेलं चित्र, असे दोन्ही एकत्र देतो. मालिकाही जुळते आणि फार वाहवतही नाही. पण हे पाच-सहा चित्रांपुरतं. वर्षभर असं चालवलेलं मी पाहिलेलं नाही.

---

पिक्सेलपाटील

हं, दोन्ही एकत्र हे मान्य. नुसतं नवं मात्र नको.

---

कायद्याचंबोला

जरा वेगळा मुद्दा. तो जुना फोटो रेफरन्स म्हणून अपलोड करायचा हक्क आहे का ताई? फायरफ्लायसारख्या टूलात अपलोड करतानाच विचारतात की हे चित्र वापरायचा तुम्हाला अधिकार आहे ना. आपण न वाचता 'हो' दाबतो. 1957 च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे इथे तुमच्या मालकीणबाई. पण बऱ्याच फोटोग्राफरांच्या बिलामागे अटी छापलेल्या असतात, 'फक्त सोशल मीडियासाठी' वगैरे. ते बिल काढून बघा.

---

तिरकाउजेड

माझ्या बिलावर आहे तसं. आणि खरं सांगू, कायद्यात बसत असलं तरी ती भिंत, ते ऊन कोणीतरी शोधून जुळवलेलं असतं. निदान त्याला एक फोन करावा. मला क्लायंटने विचारलं असतं तर रिकाम्या फ्रेम मी स्वतःहून दिल्या असत्या. न विचारता केलेलं कळलं तर मात्र मी त्याचं पुढचं शूट घेणार नाही.

---

बॅनरबहाद्दर

पैसे दिले, फोटो आपला. पुन्हा फोन कशाला?

---

कायद्याचंबोला

करारात काय आहे त्यावर अवलंबून. आणि दुसऱ्या ब्रँडचा फोटो रेफरन्स म्हणून द्यायचा म्हणाल, तर तो पूर्ण निराळा विषय. तिथे 'नुसती स्टाईल घेतली' म्हणून हात झटकता येतीलच असं मी कोणाला लिहून देणार नाही.

---

सोलकढी_डिझाईन

मालकीणबाईंकडून फोटोग्राफरदादांना फोन झाला. बिलावर काही अट नव्हती. आणि त्यांच्याकडे रिकाम्या फ्रेम खरंच निघाल्या! तिरीप पूर्ण दिसते. त्यांना एवढंच हवंय की नव्या चित्रांखाली 'छायाचित्र' म्हणून त्यांचं नाव घालू नये. रास्तच आहे.

ॲव्हरेजचे ठोकळे केले. सावली जवळपास तीच होती, उन्हातला भाग बराच हिरवा. कर्व्हची वरची बाजू ओढली आणि नऊच्या चौकोनात आता शोधावं लागतं नवं कोणतं ते. आवळ्याची बाटली टेबलाच्या उंचीवरून पुन्हा काढून घेतली, तीही बसली. खाली सावली मी हाताने घातली, मल्टिप्लाय लेयरवर तळाला चिकटून एक बारीक गडद रेघ आणि उजवीकडे एक पसरट फिकी.

अडलंय ते लिंबू-आल्याशी. तिरकाउजेड म्हणाले तसंच झालं. सरबत फिकट, बाटलीतून पांढरा कागद दिसतो आणि मागे करडी भिंत. बाटली दुधाची वाटतेय. सरबताचा भाग मल्टिप्लायवर टाकला तर भिंत आरपार दिसते, पण काचेच्या कडांची चमकही मरते.

---

तिरकाउजेड

चमक वेगळ्या लेयरवर घ्या. त्याच बाटलीचा एक फोटो काळ्या कागदावर काढून तो स्क्रीन मोडवर वर ठेवा, काळं जातं आणि चमक राहते. मोबाईल आणि बाटली दोन्ही फोटोंत जागच्या जागी राहिले पाहिजेत, फक्त मागचा कागद बदलायचा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे तुमचं तयार झालेलं बॅकग्राऊंडच ए-3 वर छापून बाटलीच्या मागे हातभर अंतरावर उभं करा आणि फोटो काढा. बाटलीतून जे दिसेल ते खरंच त्या भिंतीचं असेल. उन्हाची बाजू मात्र छापील चित्रातल्यासारखी डावीकडेच ठेवा.

---

प्रेसवाले_काका

छापायचं तर मॅट कागदावर. ग्लॉसीवर खिडकीच दिसेल.

---

तनूची_आई

हे छापून मागे ठेवायचं माझ्या स्टेन्सिललाही चालेल का?